ढगफुटी? किती तासांत?

आधी एक कबुली देते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझं मराठी म्हणजे थोडं घरचं, थोडं आजोळचं आणि बाकीचं मेसमधलं. मराठी विभागात लिहिते म्हटल्यावर रूममेट हसली. म्हणाली, "अगं, तू ऱ्हस्व-दीर्घ बघ आधी." चुका झाल्या तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण मला आज ज्या शब्दाबद्दल लिहायचंय तो शब्द चांगलं मराठी येणारेच जास्त चुकीचा वापरतात, म्हणून धीर आला.

तो शब्द म्हणजे "ढगफुटी".

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी हॉस्टेलवर असा पाऊस आला की खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसेना. लाईट गेली. पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचलं, कुणाची तरी चप्पल तरंगत मेसच्या दारापर्यंत गेली. मेसच्या काकू म्हणाल्या, "ढगफुटीच झाली बाई." वॉचमन काका म्हणाले, "ढगफुटी." रेक्टर मॅडमनी घरी फोन करून सांगितलं, "इकडे ढगफुटी झालीय." अर्ध्या तासात ती बातमी पुण्या-मुंबईपर्यंत पोचली आणि माझ्या आईचा फोन आला, "बरी आहेस ना?"

आता गंमत अशी की त्या दिवशी दुपारी मेसच्या काकूंनी तेलाचा एक रिकामा चौकोनी डबा, वरचा पत्रा कापून काढलेला, धुवून गच्चीवर वाळत ठेवला होता. उभ्या सरळ भिंतींचा डबा म्हणजे फुकटचा पर्जन्यमापक. तोंड लहान असो की मोठं, भिंती सरळ असल्या की आत जितकी उंची पाणी साचलं तितका पाऊस. बादली चालत नाही, कारण ती वर रुंद आणि खाली निमुळती असते. पावसाला सुरुवात होऊन साधारण पन्नास मिनिटं झाली आणि जोर ओसरला तेव्हा मी छत्री घेऊन वर गेले आणि ड्रॉइंगची पट्टी डब्यात उभी धरली. पाणी होतं 42 मिलिमीटर. नंतर तासभर भुरभुर चालू राहिली, शेवटचा आकडा 46.

म्हणजे आमची "ढगफुटी" 46 मिलिमीटरची. आणि खऱ्या ढगफुटीला किती लागतात? एका तासात 100.

व्याख्या एवढीशी, पण तिच्यात तीन अटी

भारतीय हवामान खात्याची व्याख्या अगदी साधी आहे. साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटर एवढ्या छोट्या भागात एका तासात 100 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तर त्याला ढगफुटी म्हणायचं. यात तीन गोष्टी आहेत: किती पडला, किती वेळात पडला आणि किती जागेवर पडला. आपण यातली पहिलीच लक्षात ठेवतो. तीसुद्धा मोजून नाही, अंदाजाने.

100 मिलिमीटर म्हणजे फक्त चार इंच, त्यात काय एवढं, असं वाटेल. आपण टँकरच्या जिल्ह्यातली माणसं, तर टँकरमध्येच मोजू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे एका हेक्टरवर 100 मिलिमीटर झाला की दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर अडीच एकराच्या रानात तासाभरात शंभर टँकर ओतले. आणि 20 चौरस किलोमीटर म्हणजे 2000 हेक्टर. तिथे दोन लाख टँकर, तेही एका तासात. आपल्या जिल्ह्यात वर्षभराचा पाऊसच मुळी सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. त्याचा सातवा हिस्सा एका तासात पडणं म्हणजे काय, हे यावरून कळावं.

ढग फुटतो का?

मला वाटतं अर्धा घोळ या शब्दामुळेच होतो. "फुटी" म्हटलं की डोळ्यांसमोर पाण्याने टम्म भरलेली पिशवी येते. ती डोंगराला अडकली किंवा वीज लागून फाटली आणि सगळं पाणी एकदम खाली आलं! लहानपणी मला हेच खरं वाटायचं. इंग्रजी शब्दही त्याच कल्पनेतून आलाय, तेव्हा दोष एकट्या मराठीचा नाही.

पण हिशोब केला तर पिशवी लगेच फाटते. पावसाळ्यातल्या अगदी दमट दिवशीसुद्धा जमिनीपासून आकाशापर्यंतच्या हवेच्या खांबात जेवढी वाफ असते ती सगळीच्या सगळी पिळून काढली, तरी साधारण 60 ते 70 मिलिमीटर पाणी निघेल. मग एका तासात 100 मिलिमीटर येणार कुठून? डोक्यावरच्या ढगात ते पाणी साठवलेलं नसतंच. ते आजूबाजूच्या मोठ्या परिसरातून ओढून आणलेलं असतं.

क्युमुलोनिम्बस, म्हणजे तो काळाकुट्ट, ऐरणीसारखा माथा असलेला गडगडाटी ढग, ही टाकी नसून पंप आहे. खालची गरम दमट हवा जोरात वर चढते, थंड होते, वाफेचं पाणी होतं, आणि ती जागा भरायला चारी बाजूंनी आणखी दमट हवा आत येते. वर चढणारा वारा जोराचा असेल तर थेंब काही काळ वरच तोलून धरले जातात आणि मोठे होत जातात. मग वजन झेपत नाही, थेंब सुटतात आणि त्यांच्याबरोबर थंड हवा खाली कोसळते. सहसा या थंड हवेनेच पंप बंद पडतो. म्हणून आपल्याकडचा वळवाचा पाऊस अर्ध्या-पाऊण तासात दम टाकतो. ढगफुटी होण्यासाठी हा पंप चालूच राहावा लागतो, किंवा एक ढग संपला की दुसरा त्याच जागेवर येऊन उभा राहावा लागतो, एकाच प्लॅटफॉर्मवर लोकल मागून लोकल यावी तसा. डोंगराचा चढ असला की दमट हवा सतत वर ढकलली जाते, म्हणून हिमालयात हे जास्त घडतं. सपाट प्रदेशात घडतच नाही असं मात्र नाही.

आमच्या हॉस्टेलवर काय झालं ते आता तुम्हीच ओळखा. पंप जोरात चालला आणि पन्नास मिनिटांत बंद पडला.

खरी ढगफुटी कशी दिसते: 26 जुलै 2005

महाराष्ट्राच्या आठवणीतली सगळ्यात ठळक घटना म्हणजे मुंबईचा 26 जुलै 2005 चा पाऊस. सांताक्रूझच्या केंद्रावर 24 तासांत 944 मिलिमीटर नोंदले गेले. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण ढगफुटी झाली की नाही हे 944 वरून सिद्ध होत नाही! 944 ला 24 ने भागलं तर तासाला चाळीसही येत नाहीत. सिद्ध होतं ते दुसऱ्या एका आकड्यावरून. त्या दुपारी एका तासात तिथे सुमारे 190 मिलिमीटर पाऊस पडला. 100 च्या रेषेच्या जवळजवळ दुप्पट. आणि हा आकडा आपल्याला माहीत आहे तो केवळ तिथे तासागणिक नोंद होत होती म्हणून.

तिसरी अट, म्हणजे जागा, तीही इथे दिसते. सांताक्रूझहून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याला त्याच 24 तासांत पाऊस होता फक्त 73 मिलिमीटर. एकाच शहराच्या उत्तरेला प्रलय, दक्षिणेला नेहमीचा पावसाळी दिवस.

पण आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी पुढचं वाक्य जास्त लक्षात ठेवायला हवं. त्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. मुंबईची पावसाळी गटारं मुळात तासाला 25 मिलिमीटर पाऊस धरून डिझाइन केलेली होती, मिठी नदी भराव आणि अतिक्रमणांनी आक्रसली होती, आणि त्यातच भरती. म्हणजे ढगफुटी खरी होती आणि तरीही "ढगफुटी झाली" एवढं म्हणून चौकशी संपत नव्हती. जिथे ढगफुटी खरी असते तिथेसुद्धा तो शब्द अर्धंच उत्तर देतो. जिथे ती खोटी असते तिथे तर तो प्रश्नच पुसून टाकतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे या

ऑक्टोबर 2020 आठवा. उमरगा, लोहारा, तुळजापूर भागात सोयाबीन काढून ठेवलेलं आणि त्यावर पाणी. तेव्हा आपल्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी ढगफुटी होती. पण ते संकट आलं कसं ते बघा. बंगालच्या उपसागरातलं खोल कमी दाबाचं क्षेत्र 13 ऑक्टोबरला सकाळी आंध्रात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं. त्या रात्री त्याने हैदराबाद बुडवलं. मग तेलंगणा, उत्तर कर्नाटक करत ते आपल्या अंगावरून पश्चिमेकडे गेलं आणि शेवटी अरबी समुद्रात उतरलं. वाटेत सोलापूर, पंढरपूर, पुणे सगळ्यांना झोडपलं. शेकडो किलोमीटर लांबीचा पट्टा आणि तास न् तास पडणारा पाऊस. ढगफुटीची ओळखच मुळी वीस-तीस चौरस किलोमीटर आणि एक तास. त्या पट्ट्यात एखाद्या शिवारात एखाद्या तासाला 100 ची रेषा ओलांडली गेलीही असेल, ते तिथल्या तासाच्या नोंदीवरून ठरेल. पण त्या संपूर्ण आपत्तीला ढगफुटी म्हणणं म्हणजे मोर्चाला धक्काबुक्की म्हणण्यासारखं आहे. धक्काबुक्की मोर्चात होऊ शकते, पण मोर्चा ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट माझ्या आजोळची. सप्टेंबर 2025. परंडा, भूम तालुक्यांत पाणी गावात शिरलं, माणसं घरांच्या छतावर अडकली, त्यांना काढायला एनडीआरएफ आणि लष्कराचं हेलिकॉप्टर आलं. माझा मामा सीनेच्या काठच्या गावात राहतो. दोन दिवसांनी फोन लागला तेव्हा म्हणाला, "ढगफुटी झाली गं. लई पाणी. खालचं रान दिसतच नाही." मी विचारलं, "मामा, तुमच्याकडे पाऊस किती वेळ पडत होता?" मामा जरा थांबला. म्हणाला, "पडत तर रोजच होता. त्या रात्री आमच्याकडं लई नव्हता, पण पहाटं नदीच फिरली."

या एका वाक्यात सगळं उत्तर आहे. सीना उगम पावते अहिल्यानगर जिल्ह्यात. तिकडेही त्याच दिवसांत जोरदार पाऊस झाला. महिनाभराच्या पावसाने काळी जमीन आधीच तुडुंब भिजलेली, तिच्या उन्हाळ्यातल्या भेगा कधीच मिटलेल्या, त्यामुळे पडेल ते पाणी सरळ ओढ्याला. धरणं आणि तलाव भरलेले, त्यामुळे आलेलं पाणी पुढे सोडणं भाग. वरच्या जिल्ह्याचं पाणी, भिजलेल्या जमिनीचं पाणी आणि धरणातून सोडलेलं पाणी एकत्र झालं की डोक्यावर एक थेंब न पडतासुद्धा घरात कमरेएवढं पाणी येतं. याला पूर म्हणतात. ढगफुटी आणि पूर हे सख्खे भाऊ वाटतात, पण एक आकाशात मोजायचा आणि दुसरा नदीत.

मामाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "काय म्हणायचं ते म्हण, तू इंजिनियर व्हायलीस. आमचं रान खरडून गेलं ते गेलं." त्याला उत्तर देता आलं नाही. पण फोन ठेवल्यावर वाटलं, काय म्हणायचं यानेच त्याला फरक पडतो.

24 तासांचा आकडा काय लपवतो

आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, "अमुक मंडळात 120 मिलिमीटर, ढगफुटी." हा आकडा असतो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ या 24 तासांचा. हवामान खात्याच्या भाषेत दिवसाला 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार, 115.6 ते 204.4 म्हणजे अति जोरदार आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार पाऊस. या पायऱ्यांत ढगफुटी कुठेच बसत नाही, कारण ती दिवसात मोजायची गोष्टच नाही. 24 तासांच्या आकड्यावरून ढगफुटी ठरवणं म्हणजे मुलीने दिवसभरात 120 किलोमीटर प्रवास केला म्हणून ती तासाला 120 च्या वेगाने गाडी चालवत होती म्हणण्यासारखं.

सिव्हिलच्या मुलांसाठी एक गणित. ओढ्याच्या पुलासाठी आपण Q = CIA/360 वापरतो. C म्हणजे वाहून जाणारा हिस्सा, I म्हणजे तासाला किती मिलिमीटर, A म्हणजे हेक्टर. 200 हेक्टरचं छोटं पाणलोट धरा आणि C धरा 0.5.

पहिला दिवस: 72 मिलिमीटर पाऊस, 24 तास सारखा रिपरिप. I झाला 3. ओढ्याला पाणी सेकंदाला 0.83 घनमीटर. साध्या सिमेंटच्या पाइपातून निघून जाईल.

दुसरा दिवस: ढगफुटी. I झाला 100. पाणी सेकंदाला सुमारे 28 घनमीटर. पाइप राहील, मोरी राहणार नाही.

तिसरा दिवस, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: पाऊण तासात 60 मिलिमीटर पडला आणि आभाळ मोकळं. I झाला 80, पाणी सेकंदाला 22 घनमीटर. बांध फुटले, वरची माती गेली.

आता यांना नावं द्या. आपल्याकडे महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी, आणि नुकसानीच्या मदतीचा निकष सर्वसाधारणपणे त्यावरून लावला जातो. पहिला दिवस अतिवृष्टीत बसला, जरी ओढा हसत हसत वाहिला. तिसरा दिवस ढगफुटीत बसला नाही आणि अतिवृष्टीतही बसला नाही, जरी रान वाहून गेलं. पुण्याच्या आयआयटीएममधल्या संशोधकांनी सलग दोन तासांत 50 मिलिमीटरहून जास्त पावसाला "मिनी ढगफुटी" म्हणून वेगळं मोजलंय, ते अशा पावसासाठी उपयोगी आहे. पण पंचनाम्यात तो शब्द नाही.

आणखी एक खोच. पहाटे सहाला सुरू झालेला पाऊस सकाळी अकरापर्यंत पडला आणि एकूण 80 मिलिमीटर झाला असं समजा. साडेआठच्या आधीचे 40 आदल्या दिवसाच्या खात्यात, नंतरचे 40 आजच्या खात्यात. दोन्ही दिवस 65 च्या खाली. सरकार कधी कधी निकष सैल करतं, पण त्यासाठी ओरड करावी लागते. आणि ओरडायला आपल्याकडे एकच शब्द आहे, ढगफुटी. तलाठ्यासमोर "आमच्याकडं ढगफुटी झाली" म्हटलं की तो मंडळाचा आकडा दाखवतो, आणि शेतकरी खोटा ठरतो. त्याचं नुकसान खरं, त्याचा शब्द चुकीचा. त्याऐवजी "सहा ते सातमध्ये किती पडला ते दाखवा" असं विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.

"ढगफुटीसदृश" हा शब्द कुणाच्या सोयीचा?

अलीकडे एक नवीन शब्द निघालाय, "ढगफुटीसदृश पाऊस". मला हा शब्द मुळीच आवडत नाही. मोजलं नाही, पण म्हणायचं तर आहे, असा त्याचा अर्थ. कुणी म्हणेल, बातमीदाराने करायचं काय? गावात यंत्र नाही.

हे म्हणणं थोडं खरं आहे. ढगफुटी वीस-तीस चौरस किलोमीटरची, आणि पर्जन्यमापकाचं तोंड ताटलीएवढं. ढगफुटी दोन गावं सोडून झाली तर यंत्राला पत्ता लागत नाही. 8 जुलै 2022 ला अमरनाथच्या गुहेजवळ लोंढा आला, यात्रेकरू गेले, सगळीकडे ढगफुटीची बातमी. तिथल्या केंद्रावर साडेचार ते साडेसहा या दोन तासांत 31 मिलिमीटर पाऊस होता. हवामान खात्याने सांगितलं की ही ढगफुटी नव्हे, वरच्या डोंगरात जास्त पडलेल्या पावसाचं पाणी खाली आलं असावं. यंत्रालाही मर्यादा असते. स्वयंचलित केंद्रात दोन छोट्या खोबणींची सी-सॉसारखी बादली असते, ती ठरावीक पाण्याने भरली की उलटते आणि एक नोंद होते. फार जोराच्या पावसात उलटता उलटता काही पाणी मोजायचं राहतं, म्हणून आकडा कमी येतो. आणि वरून चिमणीने घरटं केलं किंवा पाला अडकला तर विचारूच नका.

तरीही आज परिस्थिती आधीसारखी नाही. महावेध प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित केंद्रं बसवलीत, आणि ती दिवसातून एकदा नाही, थोड्या थोड्या वेळाने नोंद करतात. म्हणजे तासाचा आकडा अस्तित्वात आहे. आपल्यापर्यंत मात्र येतो 24 तासांचा. माझं म्हणणं एवढंच आहे की मोठा पाऊस झाला की मंडळाच्या एकूण आकड्याशेजारी "सर्वाधिक एका तासात" असा एक रकाना छापावा. एक रकाना! मग सदृश-बिदृश काही लागणार नाही.

तो रकाना नसतो तेव्हा शब्द सगळ्यांच्या सोयीचा होतो. नाला बुजवून प्लॉट पाडले तो म्हणतो ढगफुटी. ज्याने मोरीला लहान पाइप टाकला तो म्हणतो ढगफुटी. ज्याने पाझर तलावाच्या सांडव्यातली झुडपं काढली नाहीत तोही म्हणतो ढगफुटी. आकाशाने केलं म्हटलं की जमिनीवरचा कुणीच जबाबदार राहत नाही.

आमच्या हॉस्टेलचंच बघा. 46 मिलिमीटरला पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी का साचलं? दुसऱ्या दिवशी आम्ही चौघींनी गटाराची जाळी उचलली. आत दोन दुधाच्या पिशव्या, मेसची एक वाटी, बांधकामाची उरलेली वाळू आणि कुणाचं तरी फाटलेलं जर्नल. जाळी साफ केली. आठवड्याने पुन्हा तसाच पाऊस आला, डब्यात 38 मिलिमीटर, आणि पार्किंग कोरडं नसलं तरी चपला जागेवर होत्या. मेसच्या काकूंनी विचारलं, "आज ढगफुटी नाही झाली का गं?"

डबा अजून गच्चीवर आहे. काकूंना तो परत हवाय, मी पावसाळाभर मागून घेतलाय. पट्टी शेजारी खिळ्याला बांधली आहे. पाऊस सुरू झाला की घड्याळ बघा, थांबला की पट्टी बघा आणि दोन्ही आकडे भिंतीवर खडूने लिहा. पुढच्या वेळी कुणी जिन्यात "ढगफुटी!" ओरडलं तर भांडू नका, फक्त विचारा, "किती तासांत?"